न्यूटनची स्पर्शिका-पद्धत आणि त्रिघाती बहुपदी: तीन रंगांमधली सीमा साधी रेषा का होत नाही

प्रश्न: मी z^3 − 1 = 0 साठी न्यूटनची पद्धत सदसत् प्रतलावर चालवली आणि प्रत्येक आरंभबिंदूला तो ज्या मुळाकडे जातो त्याचा रंग दिला. वाटले होते की १२०-१२० अंशांच्या तीन सरळ पाचरी दिसतील. पण सीमेवर मण्यांच्या माळा दिसतात आणि कितीही मोठे करून पाहिले तरी त्या संपत नाहीत. हे खरे आहे की संगणकाच्या अंकांच्या मर्यादेमुळे असे दिसते? शिवाय z^3 − 2z + 2 घेतले तर चित्रात काळे डाग का राहतात?

उत्तर:

माळा खऱ्या आहेत. संगणकाशिवाय, केवळ कागदावरच्या आकडेमोडीने त्यांतली एक माळ पूर्ण उलगडता येते आणि ती उलगडली की सीमा सरळ का असू शकत नाही हेही तिच्यातूनच कळते. काळ्या डागांचे मात्र दोन प्रकार असतात: एक खरा आणि एक आपणच निर्माण केलेला. ते वेगळे कसे ओळखायचे हे शेवटी सांगतो.

आधी पायरीचे सूत्र सोयीच्या रूपात मांडू. f(z) = z^3 − 1 घेतल्यास अवकलज 3z^2 येतो, म्हणून

N(z) = z − (z^3 − 1)/(3z^2) = (2/3)z + 1/(3z^2).

म्हणजे नवा अंदाज ही z, z आणि 1/z^2 या तीन संख्यांची सरासरी आहे. या एका ओळीतून दोन गोष्टी लगेच दिसतात आणि पुढचे सगळे त्यांच्यावरच उभे आहे. z खूप मोठा असेल तर दुसरे पद नगण्य ठरते, बिंदू आपली दिशा जवळपास न बदलता दर पायरीला दोन-तृतीयांश अंतरावर येतो आणि हळूहळू मुळांच्या दिशेने सरकतो. z शून्याजवळ असेल तर उलट दुसरे पद प्रचंड होते आणि बिंदू फार दूर फेकला जातो, कारण तिथे अवकलज जवळजवळ शून्य असल्याने स्पर्शिका आडवी पडलेली असते आणि ती अक्षाला फार लांब जाऊन छेदते. खुद्द शून्य अनंताकडे जाते आणि अनंत हा N चा स्थिर बिंदू आहे. पण तो ढकलणारा स्थिर बिंदू आहे, कारण त्याच्या आसपासचा प्रत्येक बिंदू त्याच्यापासून दूर होतो.

मुळे तीन आहेत: 1, ω आणि ω^2, जिथे ω = −0.5 + 0.866i. ω वरच्या अर्ध्या प्रतलात आहे, ω^2 खालच्या. तुमची अपेक्षा अशी की ω चे क्षेत्र आणि ω^2 चे क्षेत्र यांच्यामधली हद्द ऋण सत् अक्षावरून जाईल, कारण त्या अक्षावरचा प्रत्येक बिंदू या दोन मुळांपासून सारख्याच अंतरावर आहे आणि 1 पासून त्याहून लांब आहे. आता त्याच अक्षावर उभे राहून पाहू. सूत्रातले सगळे सहगुणक सत् आहेत, त्यामुळे सत् संख्येपासून निघालेली पुनरावृत्ती सत् अक्ष कधीच सोडत नाही. ती ω कडेही जाऊ शकत नाही आणि ω^2 कडेही. गेलीच तर फक्त 1 कडे जाईल. म्हणजे दोन शेतांमधला बांध तिसऱ्याच मालकाच्या नावावर निघावा, तशी ही स्थिती आहे. ज्या रेषेला आपण पहिल्या दोघांची हद्द समजत होतो, तिच्यावर रंग असेल तर तो तिसऱ्याचाच असणार.

आणि तो जवळजवळ सगळीकडे आहे. ऋण x साठी N'(x) = (2/3)(1 − 1/x^3) धन आहे, त्यामुळे x उणे अनंताकडून शून्याकडे सरकत असताना N(x) उणे अनंताकडून अधिक अनंतापर्यंत सतत वाढत जाते आणि वाटेत एकदाच शून्य होते. ते 2x^3 + 1 = 0 या समीकरणाने मिळते: x = −०.७९३७, म्हणजे दोनच्या घनमूळाचा व्यस्त, ऋण चिन्हासह. −०.७९३७ आणि ० यांच्या मधला कोणताही x पहिल्याच पायरीत धन बाजूला जातो आणि धन सत् अक्षावरचा प्रत्येक बिंदू 1 कडेच येतो. म्हणून हा सगळा तुकडा 1 च्या रंगाचा आहे. आता त्याच्या डावीकडे पाहा. N ची किंमत −०.७९३७ कुठे येते हे सोडवले तर x = −१.४३३८ मिळते. म्हणजे −१.४३३८ ते −०.७९३७ हा तुकडा एका पायरीत आधीच्या तुकड्यावर बसतो आणि म्हणून तोही 1 च्याच रंगाचा ठरतो. असेच मागे मागे गेले की पुढचे बिंदू −२.२४९, −३.४१७, −५.१४४ असे येतात आणि लगतच्या दोन बिंदूंचे गुणोत्तर लवकरच दीडपटीला टेकते, कारण दूर अंतरावर N म्हणजे निव्वळ दोन-तृतीयांशने गुणणे. तुमच्या चित्रातली डावीकडे जाणारी माळ ती हीच: प्रत्येक मणी 1 च्या रंगाचा, आणि दोन मणी जिथे चिमटल्यासारखे जुळतात ते बिंदू हेच. ऋण अक्षावर 1 कडे न जाणारे बिंदू एवढेच आहेत; ते सगळे काही पायऱ्यांत नेमके शून्यावर आणि तिथून अनंतावर जातात.

हे चिमटे जवळून पाहण्यासारखे आहेत. त्यासाठी आधी शून्याजवळ काय दिसते ते ठरवू. तिथे N(z) हे 1/(3z^2) च्या जवळपास आहे, म्हणजे शून्याभोवतीची एक फेरी अनंताभोवती दोन फेऱ्या घालते. दूरवर पाहिले तर प्रतल तीन पाचरींत विभागलेले दिसते, एकेका मुळाची एकेक, आणि त्यांच्यामधून तीन माळा बाहेर जातात: १८०, ६० आणि −६० अंशांच्या दिशांना. शून्याजवळ हेच चित्र दुप्पट होऊन येते, म्हणून तिथे सहा पाचरी आणि सहा माळा भेटतात. माळा ३०, ९०, १५० अशा ६०-६० अंशांच्या अंतरावर असतात आणि पाचरींचे रंग फेरीत 1, ω^2, ω, 1, ω^2, ω असे येतात. शून्याच्या अगदी डावीकडे 1 चा रंग का, याचे उत्तर वर मिळालेच आहे.

आता −०.७९३७ कडे वळू. तिथे z^3 = −1/2, त्यामुळे N' = (2/3)(1 + 2) = 2. अवकलज शून्य नसला की सदसत् फलन त्या बिंदूजवळ कोन जसेच्या तसे राखते आणि फक्त मोजमाप बदलते, गरज पडल्यास थोडे फिरवते. इथे अवकलज सत् आणि धन आहे, त्यामुळे फिरवणेही नाही. म्हणून −०.७९३७ भोवतीचे चित्र म्हणजे शून्याभोवतीच्या चित्राचीच, न फिरवलेली, अर्ध्या आकाराची प्रत आहे. सहाच्या सहा पाचरी आणि सहाही माळा तिथे हजर आहेत. याचा अर्थ असा की, डावीकडे जाणाऱ्या माळेतला हा चिमटा म्हणजे निव्वळ दोन मण्यांचा सांधा नसून तिथून वर आणि खाली आणखी माळा फुटतात, आणि त्या माळांतल्या प्रत्येक चिमट्यातून आणखी.

याची किंमत आकड्यांत पाहा. −०.८० पासून निघालात तर पुढचा अंदाज −०.०१२५, त्यापुढचा सुमारे २१३३, आणि तिथून दर पायरीला दोन-तृतीयांश होत सुमारे वीस पायऱ्यांनी 1 च्या शेजारी, नंतर चार-पाच पायऱ्यांत थेट 1 वर. त्याच बिंदूला असत् दिशेने फक्त ०.०१ वर सरकवा: -0.80 + 0.01i. पहिल्या पायरीत तो शून्याजवळ सुमारे १२३ अंशांच्या दिशेला पडतो, दुसऱ्या पायरीत दिशेचा कोन दुप्पट होऊन चिन्ह बदलतो, म्हणजे −२४६ अंश, अर्थात ११४ अंश. ही ω ची पाचर आहे आणि बिंदू ω कडे जातो. तिथून ०.०१ उजवीकडे जा: -0.79 + 0.01i. हा शून्याजवळ सुमारे ७० अंशांच्या दिशेला पडतो, पुढच्या पायरीत सुमारे −१४० अंशांना दूर फेकला जातो आणि ω^2 कडे जातो. वरच्या अर्ध्या प्रतलातला बिंदू खालच्या मुळाकडे गेला. एका शतांशाच्या अंतरावरचे तीन आरंभबिंदू तीन वेगळ्या मुळांकडे जातात, हे स्वतः चालवून पाहता येईल:

```python
def N(z):
    return (2*z + 1/z**2) / 3

for z in (-0.80+0j, -0.80+0.01j, -0.79+0.01j):
    w = z
    for _ in range(60):
        w = N(w)
    print(z, w)
```

एक माळ समजली, पण सीमेवर सगळीकडेच असे असते का? असते, आणि त्यामागचे विधान मला या विषयातले सर्वांत महत्त्वाचे वाटते: कोणत्याही एका क्षेत्राच्या सीमेवरचा प्रत्येक बिंदू हा उरलेल्या दोन्ही क्षेत्रांच्याही सीमेवर असतो. म्हणजे फक्त दोनच रंग भेटतात असा सीमेचा एकही तुकडा, कितीही छोटा असला तरी, अस्तित्वात नाही. याची सिद्धता अशी. समजा p हा 1 च्या क्षेत्राच्या सीमेवरचा बिंदू आहे, आणि त्याच्याभोवती हवे तेवढे लहान वर्तुळ U घ्या. U मध्ये 1 कडे जाणारे बिंदू आहेत आणि न जाणारेही आहेत. N च्या पुनरावृत्ती U वर एकत्रितपणे शहाण्यासारख्या वागत असत्या, म्हणजे त्यांतून कुठल्या तरी सुसंगत मर्यादा-फलनाकडे जाणारी उपश्रेणी निवडता आली असती, तर ते मर्यादा-फलन U च्या एका भागावर 1 हा स्थिरांक असते. आणि वैश्लेषिक फलन एका उघड्या तुकड्यावर स्थिर असेल तर ते सगळीकडेच स्थिर असते. मग U मधले सगळेच बिंदू 1 कडे ओढले गेले असते, जे गृहीताच्या विरुद्ध आहे. म्हणजे पुनरावृत्ती U वर शहाण्यासारख्या वागत नाहीत. अशा वेळी पॉल माँतेल यांचा प्रमेय लागू होतो: U च्या प्रतिमा N(U), N(N(U)) इत्यादी एकत्र घेतल्या तर त्या अनंतासह सगळे प्रतल व्यापतात, फार तर दोन बिंदू सुटतात. ω च्या क्षेत्रात दोनपेक्षा कितीतरी जास्त बिंदू आहेत, म्हणून U मधला कोणता तरी बिंदू काही पायऱ्यांनी ω च्या क्षेत्रात पोहोचतो, म्हणजे तो मुळातच ω च्या क्षेत्रातला आहे. ω^2 साठीही हेच. U कितीही लहान घेतले तरी तिन्ही रंग त्यात सापडतात.

आता गुळगुळीत सीमा का शक्य नाही हे एका वाक्यात सांगता येते. गुळगुळीत वक्राच्या लहान तुकड्याला दोनच बाजू असतात, आणि दोन बाजूंवर तीन रंग बसत नाहीत. म्हणून सीमेला कुठेही, कोणत्याही मोजमापावर, साधा वक्र होण्याची मुभाच नाही. ती चिमटत, फुटत, पुन्हा चिमटत जाते. पण नुसते खडबडीत असणे आणि स्वतःच्याच प्रतींनी भरलेले असणे यांत फरक आहे. दुसरी गोष्ट पूर्वप्रतिमांमुळे, म्हणजे N च्या एका पायरीत दिलेल्या बिंदूवर येऊन पडणाऱ्या बिंदूंमुळे येते. N(z) = c हे z मधले त्रिघाती समीकरण आहे, म्हणून शून्याच्या तीन पूर्वप्रतिमा आहेत: −०.७९३७ आणि तिला १२० अंशांनी फिरवून मिळणारे दोन बिंदू. त्यांतल्या प्रत्येकाच्या पुन्हा तीन, म्हणजे नऊ, मग सत्तावीस. या बिंदूंपैकी कोणाच्याही जागी N' शून्य होत नाही, कारण N' शून्य होतो तो फक्त मुळांवर आणि मुळे स्वतःला सोडून शून्याकडे कधी जात नाहीत. त्यामुळे प्रत्येक पूर्वप्रतिमेभोवती सहा पाचरींच्या चित्राची प्रत मिळते, कुठे लहान, कुठे किंचित वाकलेली, कुठे फिरलेली. आणि वरच्याच माँतेलच्या युक्तीने दाखवता येते की या पूर्वप्रतिमा सीमेवर सर्वत्र दाट पसरलेल्या आहेत. तुम्ही सीमेवर कुठेही मोठे करून पाहा, जवळच एखादी सहा पाचरींची गाठ सापडणारच. या सीमेला ज्युलिया संच म्हणतात. गास्तों ज्युलिया आणि पिएर फातू यांनी १९१७ ते १९२० च्या सुमारास हा सिद्धांत एकही असे चित्र न पाहता उभा केला.

'ही केऑस आहे' एवढेच सांगून थांबणारी स्पष्टीकरणे मला अपुरी वाटतात. सीमेवर अनिश्चितता आहे हे खरे, पण ती का आहे याचे उत्तर तीन या आकड्यात आहे. द्विघाती z^2 − 1 घ्या: तिथे N(z) = (z + 1/z)/2, आणि w = (z − 1)/(z + 1) असे नवे चल घेतले तर पुनरावृत्ती म्हणजे निव्वळ w चा वर्ग करत जाणे, हे दोन ओळींत तपासता येते. |w| एकापेक्षा लहान असेल तर शून्याकडे, म्हणजे z च्या भाषेत 1 कडे; मोठा असेल तर −1 कडे; आणि सीमा म्हणजे |w| = 1, अर्थात नेमका असत् अक्ष. सीमेवर पुनरावृत्ती इथेही तितकीच अनिश्चित आहे, एककवर्तुळावर वर्ग करणे हे तर अशा वागणुकीचे पाठ्यपुस्तकी उदाहरण. तरीही सीमा सरळ रेषा आहे, कारण रंग दोनच आहेत आणि रेषेच्या बाजूही दोनच. आर्थर केली यांनी १८७९ मध्ये द्विघाती प्रकरण असेच पूर्ण सोडवले आणि त्रिघातीला हात घालताच ते बरेच अवघड असल्याचे नोंदवले. ते का अडले हे आज चित्र पाहिल्यावर समजते: त्यांच्यासारखा माणूस दोन क्षेत्रांमधली रेषा शोधत असणार, आणि तशी रेषा तिथे नाही.

आता अंकांच्या मर्यादेचा मुद्दा. संगणकाची चूक कुठे वाढते आणि कुठे मिटते हे पाहिले की शंका राहत नाही. मुळांजवळ N' जवळजवळ शून्य असतो, तिथे छोटी चूक प्रत्येक पायरीत गिळली जाते. सीमेच्या जवळ मात्र पुनरावृत्ती अंतरे ताणत नेते आणि तिथेच चूक वाढते. साधारण सोळा अंकांच्या अचूकतेत एखादा आरंभबिंदू चुकीच्या रंगाचा ठरण्यासाठी तो सीमेच्या फारच निकट असावा लागतो, तर तुमच्या चित्रातला एक पिक्सेल बहुधा हजारांश किंवा दशहजारांश रुंदीचा असतो. म्हणजे एखाद-दुसरा पिक्सेल चुकेल, माळा चुकणार नाहीत. खात्री करायची असेल तर एक चांगली परीक्षा वरच्या हिशोबातच आहे: शून्याभोवती ०.२ बाजूचा चौकोन रंगवा आणि −०.७९३७ भोवती ०.१ बाजूचा चौकोन तेवढ्याच पिक्सेलांत रंगवा. दोन्ही चित्रे कडेचे थोडे वाकणे सोडल्यास सारखी दिसली पाहिजेत, कारण तिथे N' = 2 आहे. निव्वळ अंकांच्या गोंधळातून असे नेमके साम्य निघणार नाही. मर्यादा लागते ती खूप खोल गेल्यावर: पिक्सेलची रुंदी 10^-15 च्या आसपास आली की चित्रात चौकोनी ठोकळे दिसू लागतात, आणि तिथून पुढे जास्त अंकांची अंकगणित-लायब्ररी वापरावी लागते.

एक गमतीची गोष्ट याच ओघात. दोनच्या घनमूळाचा व्यस्त संगणकात नेमका लिहिता येत नाही, त्यामुळे −०.७९३७… पासून निघालेली पुनरावृत्ती नेमक्या शून्यावर न पडता 10^-16 च्या आसपास पडू शकते. पुढच्या पायरीत ती 10^31 च्या घरात जाते, आणि दोन-तृतीयांशच्या गतीने परत येण्यासाठी साधारण १८० पायऱ्या घेऊन शांतपणे 1 वर स्थिरावते. संगणक आत्मविश्वासाने '1' छापतो, तर खरे उत्तर 'कुठेच नाही' असे आहे. या जागी संगणकाचे उत्तर नि:संशय चुकीचे आहे, पण ते एका बिंदूपुरते.

यातूनच काळ्या डागांचा पहिला प्रकार येतो. बऱ्याच जणांच्या प्रोग्रॅममध्ये पायऱ्यांची कमाल मर्यादा वीस किंवा तीस असते, आणि तेवढ्यात मुळाजवळ न पोचलेला बिंदू काळा केला जातो. शून्यापासून ε अंतरावरचा बिंदू 1/(3ε^2) इतका दूर फेकला जातो आणि तिथून परत यायला त्या अंतराचा दीडच्या पायावरचा लॉगरिदम, एवढ्या पायऱ्या लागतात. मर्यादा वीस असेल आणि त्यांतल्या सोळा परतीच्या प्रवासाला मिळत असतील, तर शून्याभोवती सुमारे ०.०२ त्रिज्येची काळी तबकडी दिसेल, आणि प्रत्येक चिमट्यावर तिची छोटी प्रत. z^3 − 1 च्या चित्रात काळे दिसले तर ते नेहमी याच प्रकारचे: मर्यादा शंभर केली की तबकडी इतकी आकुंचन पावते की पिक्सेलच्या आत नाहीशी होते. खरोखर कुठेच न जाणारे बिंदू फक्त सीमेवर आहेत, आणि सीमेचे क्षेत्रफळ शून्य आहे.

z^3 − 2z + 2 चे काळे डाग मात्र मर्यादा कितीही वाढवली तरी तसेच राहतील. इथे N(z) = (2z^3 − 2)/(3z^2 − 2). शून्य घाला: 1 मिळते. 1 घाला: अंश शून्य होतो आणि परत 0 मिळते. पद्धत 0 आणि 1 यांच्यामध्ये कायमची ये-जा करत राहते. एवढेच असते तर तो एकुलता एक दुर्दैवी बिंदू म्हणून सोडून देता आले असते. पण न्यूटनच्या पद्धतीत N' = f f''/(f')^2 असतो, आणि इथे f'' = 6z असल्याने 0 वर तो शून्य होतो. म्हणून ही ये-जा शेजाऱ्यांनाही ओढून घेते, तीही मुळांइतक्याच जोराने. ०.१ पासून निघून दर दोन पायऱ्यांनी पाहा: ०.०७९७, ०.०५२२, ०.०२३३, मग सुमारे ०.००४८. लहान ε साठी दोन पायऱ्यांनंतरची किंमत सुमारे 9ε^2 होते, म्हणजे अंतराचा दरवेळी वर्ग होत जातो. बहुपदीची खरी मुळे सुमारे −१.७६९३ आणि 0.8846 ± 0.5897i आहेत, त्यांपैकी एकाकडेही हा बिंदू कधी जाणार नाही. शून्याभोवती आणि 1 भोवती भरीव क्षेत्रफळाचा काळा भाग आहे, आणि त्याच्या असंख्य पूर्वप्रतिमा चित्रभर विखुरलेल्या आहेत. माँतेलची युक्ती इथे चार क्षेत्रांना लागू होते, त्यामुळे सीमेच्या प्रत्येक बिंदूजवळ तीन रंगांबरोबर काळाही सापडतो.

दिलेल्या त्रिघातीत खरा काळा भाग आहे का, हे संपूर्ण चित्र न काढता एकाच आरंभबिंदूने तपासता येते. फातू यांचा प्रमेय सांगतो की प्रत्येक आकर्षक चक्राच्या निकटच्या क्षेत्रात N चा निदान एक क्रांतिक बिंदू, म्हणजे N' शून्य होणारा बिंदू, असतोच. वरच्या सूत्रावरून N' शून्य होतो तो f च्या मुळांवर, जी आधीच स्वतःच्या क्षेत्रात अडकलेली आहेत, आणि f'' = 0 असेल तिथे. मुळे वेगवेगळी असलेल्या त्रिघातीला f'' = 0 देणारा बिंदू एकच असतो, आणि तो म्हणजे तीन मुळांची सरासरी. मुळे माहीत असण्याची गरज नाही. z^3 + bz^2 + cz + d मध्ये तो −b/3 असतो. तिथून पुनरावृत्ती सुरू करा. ती एखाद्या मुळाकडे गेली, तर अडकवणारे दुसरे आकर्षक चक्र नाहीच आणि चित्रातला काळा रंग हा केवळ पायऱ्या कमी पडल्याचा आहे. ती दोन, तीन किंवा अधिक किमतींमध्ये फिरत राहिली, तर काळा भाग खरा आहे आणि किती किमतींत फिरते तेवढे चक्राचे माप. z^3 − 1 मध्ये हा बिंदू 0 आहे आणि तो दोन्हींपैकी काहीही न करता थेट अनंतावर जातो. म्हणजे मोकळा राहिलेला एकमेव क्रांतिक बिंदू सीमेवरच खर्ची पडतो आणि आकर्षक चक्राला जागाच उरत नाही. माझा अनुभव असा की चित्र काढण्याआधी ही एक ओळ चालवून पाहिली तर पुढचे तासभराचे तर्क वाचतात.

ज्यांना मुळेच हवी आहेत, चित्र नको, त्यांच्यासाठी त्रिघातीपुरता एक उपाय उपलब्ध आहे. कर्टिस मॅकम्युलन यांनी १९८७ मध्ये दाखवले की चार किंवा अधिक घाताच्या सर्व बहुपदींवर जवळजवळ प्रत्येक आरंभबिंदूपासून यशस्वी होणारी, अशा स्वरूपाची एकच पुनरावृत्ती-पद्धत असूच शकत नाही, पण त्रिघातीसाठी आहे. z^3 + az + b या रूपात आणलेल्या बहुपदीला 3az^2 + 9bz − a^2 ने भागायचे आणि त्या भागाकारावर न्यूटनची पद्धत चालवायची. z^3 − 1 साठी हा भाजक −9z होतो आणि पायरी N(z) = z(z^3 + 2)/(2z^3 + 1) अशी येते. इथे शून्य अनंतावर न जाता जागच्या जागी राहते; N'(0) = 2 असल्याने आजूबाजूच्या बिंदूंना ते दूर ढकलते, पण दरवेळी केवळ दुपटीने, त्यामुळे शून्याजवळचा बिंदू पहिल्याच पायरीत हजारांच्या घरात भिरकावला जात नाही. z^3 − 2z + 2 साठी भाजक −6z^2 + 18z − 4 येतो आणि 0 व 1 मधली ये-जा मोडते. सीमा अर्थात तिथेही माळांचीच राहते, कारण रंग तीनच आहेत आणि माँतेलचा प्रमेय तिथेही तसाच लागू होतो. भरीव काळे डाग मात्र जातात.